जलजला, घरघर आणि तर्जुमा : अरबीतील चार अक्षरी क्रियापदे कशी चालतात?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, तेव्हा अरबी वाहिन्यांच्या पट्टीवर दिवसभर एकच शब्द फिरत होता : जिल्जाल. त्याच वर्षी सप्टेंबरात मोरोक्को हादरला आणि तो शब्द पुन्हा आला. हिंदी बातम्या ऐकणाऱ्या मराठी माणसाला ‘जलजला’ ठाऊक असतो, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच घरातले असणार, हे व्याकरण न शिकताही त्याच्या लक्षात येते. गोंधळ पुढे होतो. अरबी शिकायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की या भाषेतले शब्द तीन अक्षरी धातूंपासून बनतात. मग ज-ल-ज-ल या धातूत अक्षरे चार कशी, आणि त्यातही तीच दोन पुन्हा का, असा प्रश्न पडतो. बहुतेक पाठ्यपुस्तके या प्रश्नाला शेवटच्या परिशिष्टात दोन पाने देऊन मोकळी होतात. वास्तविक अरबीचे यंत्र आतून कसे फिरते हे पाहायचे असेल, तर ती दोन पानेच आधी वाचावीत असे मला वाटते.

लिपीविषयी एक सूचना. या लेखात अरबी शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘जल्जला’, ‘जिल्जाल’, ‘मर्कज’ आणि ‘अंदाजा’ या शब्दांतला ‘ज’ मराठीतल्या ‘जरा’मधल्या ‘ज’च्या जवळ जातो. क्रियापदाच्या शेवटी लिहिलेला ‘आ’ मात्र आखूड, जवळजवळ ‘अ’सारखा उच्चारायचा आहे. आपण तो ‘अ’ लिहून दाखवू शकत नाही, कारण मराठी वाचक शब्दाच्या टोकाचा ‘अ’ सवयीने गिळून टाकतो.

पीठ तेच, चकती वेगळी

धातू म्हणजे अर्थाचा गाभा वाहून नेणारी व्यंजने. ह-क-म हा धातू घ्या. त्यातून आलेले हुकूम, हकीम, हाकीम आणि महकमा हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे कधीच पोहोचले आहेत. ह, क, म ही व्यंजने चारही शब्दांत त्याच क्रमाने येतात. बदलतात ते मधले स्वर, आणि कधी पुढे एखादे ‘म’ जोडले जाते. स्वरांच्या आणि जोडाक्षरांच्या या ठरलेल्या आराखड्याला आपण साचा म्हणू. चकलीच्या सोऱ्यात पीठ तेच ठेवून चकती बदलली की कधी शेव पडते, कधी चकली. तसे धातू हे पीठ आणि साचा ही चकती. महकमा या शब्दातला ‘म’ पिठातला नाही, तो चकतीचा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळी भांडणे यावरूनच होणार आहेत.

क्रियापदांसाठी अशा चकत्यांचा एक ठरलेला संच असतो. क-स-र म्हणजे मोडणे. ‘कसरा’ म्हणजे त्याने मोडले. मधले अक्षर दुहेरी केले की ‘कस्सरा’, म्हणजे त्याने तुकडे तुकडे केले. त्याच्या आधी ‘त’ लावला की ‘तकस्सरा’, म्हणजे ते फुटून तुकडे झाले. अक्षर दुहेरी झाल्यावर क्रिया जोरकस होते आणि ‘त’ लागल्यावर तिचा परिणाम स्वतःवर येतो, एवढे लक्षात राहिले तरी पुढचे सारे समजते.

चौथे अक्षर बसते कुठे?

आता ‘दह्रजा’ हा शब्द पाहा. याचा अर्थ ‘त्याने गडगडत नेले’, म्हणजे दगड किंवा पिंप लोटत नेले. अरबी व्याकरणकार चार अक्षरी क्रियापदाचा नमुना म्हणून पिढ्यान् पिढ्या हाच शब्द देत आले आहेत. धातू द-ह-र-ज, चारही व्यंजने अस्सल, एकही काढता येत नाही.

साचे तीन अक्षरांसाठी घडवलेले असतील, तर या चौघांना जागा कोण देणार? उत्तर ‘कस्सरा’ आणि ‘दह्रजा’ हे दोन शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हटले की कानालाच मिळते. कस्-स-रा, दह्-र-जा. ठेका तोच. चार जणांच्या बाकावर तिघे बसले आहेत आणि मधल्याने पाय पसरून दोन जागा अडवल्या आहेत, ही झाली ‘कस्सरा’ची स्थिती. ‘दह्रजा’मध्ये त्याच बाकावर चार वेगळी माणसे बसली, इतकेच. बाक आधीपासून तिथे होते. चार अक्षरी धातूसाठी भाषेला नवे काही करावे लागले नाही.

हा केवळ कानाचा भास नाही, पुढची सारी रूपे त्याला साक्ष देतात. ‘तो तुकडे करतो’ यासाठी ‘युकस्सिरु’, तर ‘तो गडगडत नेतो’ यासाठी ‘युदह्रिजु’. साध्या तीन अक्षरी क्रियापदाच्या वर्तमानकाळात पुढे ‘य’ येतो, इथे दोन्हीकडे ‘यु’ आहे. करणारा तो ‘मुकस्सिर’ आणि ‘मुदह्रिज’. ज्याच्यावर क्रिया झाली तो ‘मुकस्सर’ आणि ‘मुदह्रज’. ‘त’ लावून ‘तकस्सरा’ होते, तसेच ‘तदह्रजा’, म्हणजे ते आपोआप गडगडत गेले. जोडी फुटते ती फक्त क्रियेच्या नावापाशी. ‘कस्सरा’चे नाम ‘तक्सीर’ होते, पण ‘दह्रजा’चे नाम ‘दह्रजा’च राहते, शेवटी स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो, आणि तो पूर्ण उच्चारला तर ‘दह्रजतुन’ असा ऐकू येतो.

जलजला उलगडून पाहू

ज-ल-ज-ल हा धातू त्याच बाकावर बसवून पाहू. ‘जल्जला’ म्हणजे त्याने हादरवले. ‘युजल्जिलु’ म्हणजे तो हादरवतो. ‘मुजल्जिल’ म्हणजे हादरवणारा; धक्कादायक बातमीलाही हे विशेषण चालते. कर्ता न सांगता ‘हादरवले गेले’ असे म्हणायचे असेल तर स्वर बदलून ‘जुल्जिला’. कुराणाच्या नव्व्याण्णवाव्या सूरेची सुरुवात याच रूपाने होते : ‘इजा जुल्जिलतिल् अर्दु जिल्जालहा’, जेव्हा पृथ्वी तिच्या त्या हादऱ्याने हादरवली जाईल. एकाच वाक्यात क्रियापदही आले आणि त्याच धातूचे नामही. ‘रडणे रडला’, ‘खेळ खेळला’ अशी रचना मराठीतही आहे, म्हणून आपल्याला ती परकी वाटत नाही. या सूरेचे रूढ नावही ‘जलजला’ असेच आहे.

‘त’ लावला की ‘तजल्जला’, म्हणजे ते हादरले, डळमळले. त्याचे नाम ‘तजल्जुल’. सरकार किंवा बाजार डगमगतो तिथे ते वापरता येते. क्रियेची नामे दोन आहेत. एक नेहमीच्या साच्यातले ‘जल्जला’, जे फारसी आणि उर्दूतून हिंदीत ‘जलजला’ म्हणून रुळले. दुसरे ‘जिल्जाल’, जे आज अरबी बातम्यांत भूकंप या अर्थाने येते. त्याचे अनेकवचन ‘जलाजिल’. म्हणजे हिंदी वाहिनी आणि अरबी वाहिनी एकाच क्रियापदाची दोन वेगळी नामे वापरत होत्या.

तीच दोन अक्षरे पुन्हा का?

या प्रश्नाला सर्वांत देखणे उत्तर दिले आहे ते आठव्या शतकात बसरा शहरात राहणाऱ्या खलील इब्न अहमद या व्याकरणकाराने. अरबीचा पहिला मोठा शब्दकोश त्याच्या नावावर आहे. दहाव्या शतकातल्या इब्न जिन्नीने त्याचे एक निरीक्षण उद्धृत केले आहे. नाकतोड्याच्या आवाजाला अरब ‘सर्रा’ म्हणतात आणि ससाण्याच्या आवाजाला ‘सर्सरा’. असे का? खलील म्हणतो, नाकतोड्याचा आवाज त्यांना लांबलचक ओढलेला भासला, म्हणून त्यांनी अक्षर ताणले. ससाण्याचा आवाज तुटक तुटक भासला, म्हणून त्यांनी तेच दोन वेळा म्हटले.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी, कारण आपण हेच दिवसातून पन्नास वेळा करतो. फांदी एकदाच मोडली तर ‘कड्कन’ मोडते; वीज मात्र ‘कडकडते’. दार एकदा वाजले तर ‘खट्’ होते, कोणी थांबेचना की ती ‘खटखट’. पक्षी ‘फर्रकन’ उडून जातो, पण अडकलेला पतंग ‘फडफडतो’. एकदा घडले की एकेरी, पुन्हा पुन्हा घडले की दुहेरी. आवाज संपतो कसा आणि किती वेळा येतो, हे शब्दाच्या बांधणीतच सांगून टाकायचे, ही युक्ती दोन्ही भाषांना स्वतंत्रपणे सुचली आहे.

इब्न जिन्नीने ही कल्पना पुढे नेली. त्याचे म्हणणे असे की दुहेरी साच्यातल्या नामांमध्ये पुनरावृत्तीचा अर्थ असतो, आणि उदाहरणे म्हणून त्याने ‘सल्सला’ (धातूचा खणखणाट), ‘कर्करा’ (पोटातली गुरगुर, कबुतराचे घुमणे) अशा शब्दांची यादी दिली आहे. या यादीत आपणही भर घालू शकतो : ‘वस्वसा’ म्हणजे कानात कुजबुजणे, मनात शंका भरवणे, ‘कह्कहा’ म्हणजे खदखदून हसणे, जो हिंदी-उर्दूत ‘कहकहा’ होऊन बसला, ‘सर्सरा’ला जवळचा वाटणारा, पण स वेगळा असलेला ‘थर्थरा’ म्हणजे बडबडणे. हा शेवटचा शब्द आपल्या ‘थरथर’सारखा दिसतो, पण त्याचा थंडीशी किंवा भीतीशी काही संबंध नाही. सारखे दिसते म्हणून अर्थ सारखा धरू नये, याची आठवण ठेवायला तो बरा पडतो.

मग ‘घरघर’ आपण त्यांच्याकडून घेतली का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि येणे साहजिकही आहे. अरबीत ‘घर्घरा’ म्हणजे गुळण्या करणे; पाणी घशात अडवून हवा सोडली की होणारा आवाज. पण त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ आहे मरणाऱ्या माणसाच्या घशात श्वास घोळणे. एका प्रसिद्ध हदीसमध्ये म्हटले आहे की माणसाला घरघर लागत नाही तोवर देव त्याचा पश्चात्ताप स्वीकारतो, आणि तिथे मूळ अरबीत हेच क्रियापद आहे : ‘मा लम् युघर्घिर’. ते वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मी क्षणभर थबकलो, कारण आमच्या घरातही आजारी माणसाबद्दल ‘घरघर लागली’ हेच शब्द हलक्या आवाजात बोलले जात.

तरीही ही उसनवारी नव्हे. उसन्या शब्दाची चाल वेगळी असते. ‘जलजला’ हिंदीत आला तो नाम म्हणून, एका गोठलेल्या रूपात. हिंदीने त्याचे ‘जलजलना’ असे क्रियापद केले नाही. आपली ‘घरघर’ मात्र ‘घरघरणे’ होते, शिवाय तिच्या आजूबाजूला गुरगुर, खरखर, घुरघुर अशी भावंडे आहेत. म्हणजे ती मराठीच्याच कारखान्यात तयार झाली आहे. घसा दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्यातला आवाज पकडायला कंठ्य व्यंजन आणि ‘र’ यांच्याहून सोयीचे काही नाही. अनुकरणवाचक शब्दांच्या बाबतीत असे योगायोग होतात, आणि म्हणूनच दोन भाषांचे नाते सिद्ध करायला हे शब्द सर्वांत कुचकामी पुरावा ठरतात.

फरक दिसतो तो आवाज पकडल्यानंतर. मराठी दुहेरी शब्दाला शेवटी प्रत्यय जोडते : गडगड, गडगडणे, गडगडाट. अरबी शब्दाच्या आत शिरून स्वर बदलते : घर्घरा, युघर्घिरु, मुघर्घिर. आपला आवाज प्रत्यय लागला तरी शाबूत राहतो. त्यांचा आवाज साच्यातून जातो आणि थोडा मोडतो. ‘जुल्जिला’ ऐकून कोणाला हादऱ्याचा आवाज आठवणार नाही.

प्रत्येक दुहेरी क्रियापद आवाजाचेच असते का?

नाही, आणि इथे बरीच पुस्तके वाजवीपेक्षा सोपे करून सांगतात. ‘जह्जहा’ म्हणजे जागेवरून हळूहळू बाजूला सारणे. ‘लम्लमा’ म्हणजे विखुरलेले वेचून एकत्र करणे. ‘तल्अल्आ’ म्हणजे चमचमणे. मोत्याला अरबीत ‘लुअलुअ’ म्हणतात, तो याच धातूतला. यांत ऐकू येण्यासारखे काही नाही. समान धागा आहे तो लहान लहान, एकामागून एक येणाऱ्या हालचालींचा. मोती एकदाच चमकून थांबत नाही. जरा हलवला की पुन्हा झळकतो. आपल्याकडेही लुकलुकणे, लटपटणे, थरथरणे या शब्दांत आवाज नाही, पण पुनरावृत्ती आहे. म्हणून ‘दुहेरी म्हणजे आवाज’ असे न म्हणता ‘दुहेरी म्हणजे पुन्हा पुन्हा’ असे म्हटलेले अधिक खरे. आवाज हा त्यातला सर्वांत ठळक प्रकार.

या शब्दांचा उगम कसा लावायचा, यावर जुन्या व्याकरणकारांत मोठा वाद होता. ‘लम्लमा’ वेचून एकत्र करणे, आणि ‘लम्मा’ म्हणजेही गोळा करणे. तेव्हा पहिला दुसऱ्यापासून झाला, असे कूफा शहराच्या परंपरेतले पंडित म्हणत. मुळात ल-म-म, त्याला जोर देताना ‘लम्ममा’ असे तीन ‘म’ एकत्र येऊन जिभेला अवघड होणार, म्हणून मधल्या ‘म’च्या जागी पहिले अक्षर आणून बसवले, असा त्यांचा हिशेब. बसऱ्याचे पंडित म्हणत की चार अक्षरे दिसतात तर धातू चारच अक्षरांचा. अर्थ जुळला म्हणून जन्म जुळला असे नव्हे. मला बसऱ्याची शिस्त पटते, पण ‘लम्लमा’ आणि ‘लम्मा’ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की कूफावाल्यांना वेड्यात काढता येत नाही. ‘वस्वसा’च्या बाबतीत मात्र तसा जवळचा तीन अक्षरी नातेवाईक दाखवता येत नाही, आणि तिथे कूफावाल्यांनाही धातू चार अक्षरांचा मानावा लागतो.

तर्जुमा : शब्द चुकीच्या पानावर शोधला तर

अरबी शब्दकोश धातूनुसार लावलेले असतात. त्यामुळे कोणते अक्षर पिठातले आणि कोणते चकतीचे, हे चुकले की शब्द सापडत नाही, किंवा भलताच सापडतो. शिकत असताना मला ‘मुतर्जिम’ हा शब्द शोधायचा होता. ‘मु’ साच्याचा, हे कळत होते. पुढचा ‘त’ही साच्याचाच असेल, ‘तकस्सरा’मध्ये असतो तसा, असे मी गृहीत धरले आणि र-ज-म हा धातू उघडला. तिथे पहिला अर्थ होता दगडांनी ठेचून मारणे. अनुवादकाची मजुरी पाहता तो अर्थ अगदीच अप्रस्तुत वाटला नाही, पण मी चुकलो होतो हे नक्की.

धातू आहे त-र-ज-म, आणि ‘तर्जमा’ म्हणजे भाषांतर करणे. मराठीतला ‘तर्जुमा’ हा त्याच क्रियेचे नाम आहे. ‘त’ मूळचाच आहे हे कसे ओळखायचे? वर्तमानकाळाचे रूप पाहायचे. साच्याचा ‘त’ असता तर ते ‘यतरज्जमु’ असे झाले असते. पुढे ‘य’ आणि मधले अक्षर दुहेरी. प्रत्यक्षात ते आहे ‘युतर्जिमु’. ‘यु’ आला, शेवटून दुसरा स्वर ‘इ’ झाला आणि ‘त’ने बाकावरची पहिली जागा घेतली, म्हणजे हे ‘युदह्रिजु’चे भावंड. ही खूण पक्की आहे आणि शंका आली की मी अजूनही तीच वापरतो. जुन्या काळी काही नामांकित कोशकारांनीही हा शब्द र-ज-म खाली नोंदवला होता आणि पुढच्यांनी तो हलवला, हे कळल्यावर माझी लाज थोडी कमी झाली.

याउलट, साच्याचे अक्षर पिठात मुरल्याचीही उदाहरणे आहेत. ‘मर्कज’ म्हणजे केंद्र. धातू र-क-ज, आणि ‘म’ साच्याचा. पण शब्द इतका रुळला की लोकांनी त्या ‘म’सकट नवे क्रियापद पाडले : ‘तमर्कजा’, म्हणजे एका जागी केंद्रित होणे. धातू आता म-र-क-ज. उद्या एखाद्याने ‘महकमा’ शब्दातल्या ‘म’लाही असेच आत घेतले तर व्याकरणाला नाही म्हणता येणार नाही.

बाहेरून आलेल्या शब्दांचे काय?

चार अक्षरांचे बाक आज सर्वाधिक उपयोगी पडते ते परक्या शब्दांना बसवायला. टेलिफोन या शब्दातले स्वर काढून टाकले की उरते ट-ल-फ-न. अरबीत ‘तल्फना’ म्हणजे फोन केला. टेलिव्हिजनपासून ‘तल्फजा’, दूरचित्रवाणीवर दाखवले. परक्या शब्दांत व्यंजने बहुधा तीनपेक्षा जास्त असतात, आणि तिघांच्या साच्यात त्यांना कोंबायचे तर ओळखच पुसली जाते. चार जागा मिळाल्या की शब्द ओळखू येतो आणि क्रियापद म्हणूनही चालतो.

पाच व्यंजने असली तर एकाला उठावे लागते. फारसीतून आलेला ‘बर्नामज’ म्हणजे कार्यक्रम. त्यात ब, र, न, म, ज ही पाच व्यंजने आहेत. संगणकाचे प्रोग्रॅमिंग आले तेव्हा क्रियापद झाले ‘बर्मजा’, ‘न’ गेला. तोच का गेला? कारण अनेकवचनात तो आधीच गेलेला होता : ‘बर्नामज’चे अनेकवचन ‘बरामिज’. चार जागांची सवय झालेल्या कानाने पाचव्याला अनेकवचनातच बाहेर काढले होते, क्रियापदाने फक्त उरलेले चार उचलले. मग ‘मुबर्मिज’ म्हणजे प्रोग्रॅमर, ‘मुबर्मज’ म्हणजे प्रोग्रॅम केलेले, ही रूपे कोणी शिकवावी लागली नाहीत.

असे शब्द ‘अस्सल’ अरबी नव्हेत, असा आक्षेप नवा नाही. खलीलने त्यासाठी एक कसोटीच दिली होती. त्याच्या मते चार किंवा पाच अक्षरांचा अस्सल अरबी शब्द असेल, तर त्यात जिभेच्या टोकावर किंवा ओठांवर सहज निघणाऱ्या र, ल, न, फ, ब, म या सहांपैकी निदान एक अक्षर असलेच पाहिजे. नसेल तर तो बाहेरचा किंवा बनावट समजावा. जड व्यंजनांची चौकडी उच्चारायला मध्ये एखादा हलका गडी लागतो, असे त्यामागचे तर्कशास्त्र. ‘दह्रजा’त ‘र’ आहे. ‘वस्वसा’त सहांपैकी एकही नाही, पण आवाजाची नक्कल करणारे दुहेरी शब्द त्याने या नियमातून मोकळे ठेवले होते. सोने या अर्थाचा ‘अस्जद’ अशासारखे मोजके अपवादही होते. कसोटी एकाच बाजूने चालते, हे मात्र विसरू नये. नापास झालेला शब्द संशयित ठरतो. पास झालेला अस्सल ठरत नाही, कारण ‘तल्फना’ही पास होतो.

मोठे साचे : इत्मिनान आणि अंगावरचा काटा

चार अक्षरी धातूंना आणखी दोन साचे आहेत. एकात मध्ये ‘न’ शिरतो : ‘इह्रन्जमा’, म्हणजे गर्दी करून एकवटले. हा शब्द परीक्षेबाहेर सहसा भेटत नाही, म्हणून तो इथेच सोडतो. दुसऱ्या साच्यात शेवटचे अक्षर दुहेरी होते, आणि तो मात्र जिवंत आहे. ‘इक्शअर्रा’ म्हणजे अंगावर काटा आला. ‘इत्मअन्ना’ म्हणजे मन निवांत झाले; त्याचे नाम ‘इत्मिअ्नान’ होते, आणि उर्दू-हिंदीतला ‘इत्मिनान’ तो हाच. धातू त-म-अ-न; हिंदी गाण्यांत ऐकलेल्या या शब्दामागे चार अक्षरी क्रियापदाचा हा लांबलचक साचा आहे, हे त्याच्या आजच्या मऊ उच्चारावरून ओळखू येत नाही. या साच्यातले बरेच शब्द शरीरात किंवा मनात आपोआप घडणाऱ्या गोष्टींचे आहेत : शहारणे, निवणे, किळस येणे, विरून जाणे. दुहेरी ध्वनींची क्रियापदे सहसा इकडे येत नाहीत. ती पहिल्या दोन साच्यांत भागवतात.

अंदाज परत येतो

शेवटी एक शब्द, जो दोन्हीकडून आपल्या ओळखीचा आहे. फारसीत ‘अंदाजा’ म्हणजे माप. अरबांनी तो भूमितीसाठी घेतला आणि चार अक्षरांच्या बाकावर बसवला : ह-न-द-ज. पण अरबी शब्दात ‘द’च्या मागोमाग हा ‘ज’ येत नाही, असे जुने कोशकार सांगतात. म्हणून ‘ज’चा ‘स’ झाला आणि ‘हन्दसा’ तयार झाले. खलीलच्या कसोटीला त्यातला ‘न’ पुरला. त्यातून ‘युहन्दिसु’ म्हणजे तो आराखडा आखतो, आणि ‘मुहन्दिस’ म्हणजे इंजिनिअर. आखाती देशांतल्या बांधकामांवर कामाला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर हा शब्द दिवसभर पडतो : मुहन्दिसला विचार, मुहन्दिस आला. त्याच जागी उभा राहून तो सोबत्याला विटा किती लागतील ते ‘अंदाजे’ सांगत असतो.